दिवसाउजेडी पेटलेली पणती

त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदाघाटावर गेले होते. रात्रीची गर्दी सरली होती. पाण्याच्या कडेला द्रोण, झेंडूच्या पाकळ्या, विझलेल्या वाती, सगळं एकमेकांत अडकून हलकेच डुलत होतं. गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे दोन पायऱ्यांच्या खाचेत एक पणती अडकली होती आणि ती पेटलेली होती. ऊन चांगलं वर आलं होतं, नऊ वाजून गेले होते. वाकून पाहिलं तर प्लॅस्टिकची. पिवळी ज्योत प्रामाणिकपणे थरथरत होती. कोणीतरी मोठ्या भक्तीने ती गंगेत सोडली असणार. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी समजून घ्यावं.)

तेलाची पणती सोडली की तासाभरात तेल संपतं, वात विझते, द्रोणाचा पाचोळा होतो. ही विझणारच नव्हती, कारण ही पाण्यात असेपर्यंतच पेटते. मी ती उचलली, पदराला पुसली, तेव्हा कुठे मालवली. पिशवीत टाकून घरी आणली. लोक तीर्थ आणतात, मी कचरा आणला, असं आमच्या ह्यांनी बोलूनही दाखवलं.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं सहायक होते. निवृत्त झाले तरी मल्टिमीटर सुटला नाही. त्यामुळे त्या पणतीचं पोट उघडून बघण्याचा मोह आवरला नाही, आणि एकदा टेबल मांडलंच आहे तर दिवाळीचं सगळं बिघडलेलं सामान घेऊन बसू या, असं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि माळ्यावरची पिशवी उलटी केली. त्यातून दोन विजेच्या माळा निघाल्या, एक पूर्ण बंद आणि एक अर्धी. बाटलीत घालतात तशी बारीक तारेची, तीन सेलवर चालणारी माळ होती. पाण्यावर पेटणाऱ्या पणत्यांचा बारा नगांचा डबा होता, त्यातल्या सात बंद. आणि ही तेरावी, गंगेतली.

पाण्यावर पेटणारी पणती पाहिली की लोकांना वाटतं पाण्यातून वीज तयार होते. तसं काही नसतं. बुडाला धातूचे दोन बारीक खिळे दिसतात. पणती पाण्यात ठेवली की त्या दोघांमधलं पाणी सर्किट पूर्ण करतं, म्हणजे पाणी हे फक्त बटण. वीज येते ती आतल्या सेलमधून. बूड थोडं दाबून फिरवलं की झाकण निघतं आणि आत रुपयाच्या नाण्याएवढी चकचकीत टिकली असते. त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. अर्थ अगदी सरळ आहे: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. हा लिथियमचा सेल, तीन व्होल्टचा. काही पणत्यांत याऐवजी दोन छोटी बटणं एकावर एक असतात, ती अल्कलाइनची, दीड-दीड व्होल्टची. आणि काही पणत्यांचं बूड कारखान्यातच वितळवून चिकटवलेलं असतं. ती करवतीने कापू नये. कापताना पातं सेलला लागलं तर काय होईल ते सांगता येत नाही. ती अख्खीच ई-कचऱ्यात द्यावी.

बटण कोरडं असतं तेव्हा सेल खर्च होत नाही. मागच्या वर्षी मी पणत्या पाण्यातून काढल्या आणि तशाच ओल्या डब्यात भरल्या होत्या. दोन खिळ्यांमध्ये थेंबभर ओल राहिली तरी झाकणाखाली अंधारात ज्योत थरथरत राहते. या वर्षीच्या सात बंद पणत्यांचं कोडं तिथेच सुटलं. आता मी त्या फडक्याने पुसून दुपारभर उलट्या घालते, कपबशा घालतो तशा.

गंगेतल्या पणतीचा सेल मीटरवर २.८ व्होल्ट दाखवत होता. या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो. ज्योत पाच मिलिअँपिअर ओढत असेल, तर चाळीस-बेचाळीस तास सहज जळेल. मी ती उचलली नसती तर आणखी एक रात्र आणि एक दिवस ती त्या खाचेत जळली असती, आणि मग कधीतरी पाण्याने आतल्या टिकलीचं पत्र्याचं कवच गंजवलं असतं.

बंद पडलेल्या सातांचे सेल काढले. मीटरवर कुणी १.७, कुणी १.६, एक १.९. पिवळ्या एलईडीला पेटायला साधारण दोन व्होल्ट लागतात, त्याखाली ती मालवते, आणि आपण म्हणतो सेल मेला. दिव्याच्या दृष्टीने मेला, हे खरं. पण आमच्या घरी चिनू आहे, माझी नात, तीन वर्षांची, आणि तिला चकचकीत टिकल्यांचं फार वेड आहे. पाण्याचं विघटन करायला १.२३ व्होल्ट पुरतात. असला सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, आणि सेलच्या ऋण बाजूला दाहक सोडा तयार होतो. तो मांस जाळतो. सेल फुटायची वाट पाहावी लागत नाही, दोन तासांतही खोल इजा होऊ शकते. म्हणजे दिव्यासाठी मेलेला १.७ व्होल्टचा सेल मुलाच्या गळ्यात जिवंतच असतो. पणत्यांच्या स्वस्त डब्यांत झाकणाला स्क्रूही नसतो. पणती हातातून पडली की टिकली टेबलाखाली गडगडते.

तसं कधी झालंच, निदान शंका जरी आली, तरी उलटी काढायला जाऊ नका. थेट एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा. मूल वर्षाच्या वर असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. त्याने इजा थोडी कमी होते, असं विषबाधेवरच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. पण मध शोधायला घरी थांबू नये. एवढं लिहून पुढे जाते. हा लेख त्याबद्दल नाही, पण टेबलावर टिकल्या पडलेल्या असताना हे न लिहिणं मला जमणार नव्हतं.

आता तीन सेलवाली बारीक माळ. दिवाळीत ती मिणमिणू लागली आणि सूनबाईने तीनही सेल काढून नवे घातले होते. जुने तीन त्याच पिशवीत होते. आपण सगळेच असं करतो, माळ मंदावली की तिन्ही फेकतो. मी एकेक मोजला.

इथे एक छोटी लबाडी ओळखावी लागते. सेल नुसता मीटरला लावला तर तो खोटं बोलतो. विश्रांती घेतलेला थकलेला सेल क्षणभर ताजातवाना दिसतो, पाहुण्यांसमोर बसलेल्या आजारी माणसासारखा. त्याला काम देऊन मोजायचा. मी दहा ओहमचा रोधक सेलच्या दोन टोकांना लावते, म्हणजे दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास वीज वाहते, आणि तो लावलेला असतानाच आकडा वाचते. रोधक नसेल तर जुन्या टॉर्चचा तारेचा बल्बही चालतो. तिघांचे आकडे आले १.३१, १.२९ आणि ०.४२.

बेरीज केली, ३.०२ व्होल्ट. तीन सेलची नवी बेरीज साडेचार असते. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणून ती मिणमिणत होती. तिघांमधला एकच संपला होता, बाकी दोघे त्याला ओढत होते. असाच वापर चालू ठेवला तर संपलेल्या सेलमधून जबरदस्तीने वीज ढकलली जाते आणि तोच आधी पाझरतो. १.३१ आणि १.२९ चे दोघे आता आमच्या स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या घड्याळात आहेत. भिंतीवरच्या घड्याळाला जेमतेम चिमूटभर वीज लागते, ती हे दोघे अजून काही महिने देतील. फक्त महिन्यातून एकदा मागचं झाकण काढून बघायचं. साधा, म्हणजे जस्त-कार्बनचा, सेल म्हातारपणी पाझरतो आणि घड्याळाच्या पितळी पट्ट्या खातो.

माझा अंदाजे नियम असा: काम देऊन मोजल्यावर १.२ च्या वर असेल तर घड्याळ किंवा रिमोट, त्याखाली असेल तर बरणीत. पणत्यांच्या टिकल्यांच्या बाबतीत मात्र मी हा खेळ खेळत नाही. दोन व्होल्टखालची टिकली थेट बरणीत.

पण ही बरणी कुठली, यावर माझी एक फजिती सांगायला हवी. पहिल्या वर्षी मी जुने सेल लाडवांच्या स्टीलच्या डब्यात जमवले. छान घट्ट झाकणाचा, मुलाच्या हाताला न लागणारा. त्याच सुमारास मीटरची नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बदलली, जुनी त्याच डब्यात टाकली. या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच डोक्यावर शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यावर नेमकी एक टिकली आडवी बसली. संध्याकाळी डबा सरकवायला हात लावला तर बूड चांगलंच गरम, लाडू नुकतेच भरल्यासारखं. झाकण उघडलं तर आंबूस, धातूचा वास. सत्तावीस वर्षं मुलांना शॉर्टसर्किटचा प्रयोग मांडून दिला आणि स्वयंपाकघरात मी स्वतःच तो मांडून ठेवला होता. मी बॅटरी चिमट्याने उचलून गच्चीवर मातीच्या कुंडीत नेऊन ठेवली आणि ह्यांना दोन दिवस सांगितलं नाही.

तेव्हापासून प्लॅस्टिकची कोरडी बरणी. नऊ व्होल्टच्या बॅटरीचं डोकं चिकटपट्टीने झाकायचं. टिकल्या एकमेकींवर रचायच्या नाहीत, कारण गठ्ठ्यात एखादी टिकली दुसरीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकली की सर्किट सुरू. मी सेलोटेपची वीतभर पट्टी उलटी पसरते, त्यावर टिकल्या सांडग्यांसारख्या अंतर ठेवून लावते आणि वरून दुसरी पट्टी दाबते. गोळ्यांच्या पाकिटासारखं दिसतं. पेन्सिल सेलना एवढा लाड लागत नाही, पण अल्कलाइन असतील तर एका टोकाला टेप लावते. पाझरलेला सेल वेगळ्या पिशवीत. त्यावर पांढरी भुकटी असेल तर तो बहुधा अल्कलाइन, ती भुकटी क्षारीय असते. चिकट तपकिरी ओल असेल तर साधा, त्यातली ओल आम्लधर्मी. दोन्ही वेळा बोटाने खरवडायचं नाही.

आणि रिचार्ज होणाऱ्या कंदिलातून मऊ, चंदेरी पाकीटवजा बॅटरी निघाली आणि ती पोळीसारखी फुगलेली असेल, तर ती वरच्या कशातच टाकू नका. टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही. कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर, आणि पहिल्या संधीला द्यायची.

घंटागाडीत का नको, हे मला माझ्या गच्चीवरच्या खताच्या पिंपाने शिकवलं. आपल्याकडे ओला कचरा गाडीतून पाथर्डीच्या खत प्रकल्पाकडे जातो, तिथल्या खताला शहरी कंपोस्ट म्हणतात. अशा कंपोस्टमध्ये जड धातू किती असावेत याच्या मर्यादा खत नियंत्रण आदेशात दिल्या आहेत. जस्ताची मर्यादा किलोमागे १००० मिलिग्रॅम. आता एक साधा पेन्सिल सेल घ्या. वजन सतरा-अठरा ग्रॅम. त्याचं बाहेरचं नळकांडंच जस्ताचं असतं, आणि सेल वापरला जातो तेव्हा हेच नळकांडं हळूहळू खर्च होतं, म्हणून तर तो शेवटी पाझरतो. त्यात एकूण चार ग्रॅम जस्त धरा, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. एक सेल भाजीच्या देठांत मिसळला आणि पूर्ण विरघळला, तर चार किलो खत मर्यादेला पोचवायला तो एकटा पुरतो. आमच्या गच्चीवरच्या पिंपात वर्षाला पंचवीस-तीस किलो खत होतं. सात-आठ सेलांत माझं वर्ष संपलं.

खरं तर सेल अख्खा राहिला तर चाळणीत वर येतो आणि निवडून काढता येतो. घोटाळा होतो तो दबून फुटलेल्याचा. आणि आपण तो बिचारा पिशवीच्या तळाशी, पालकाच्या मुळांखाली दडवून देतो. निवडणाऱ्याला दिसणार कसा? कायद्याच्या बाजूनेही सेल ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. २०१६च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आले. आधीचे २००१चे नियम फक्त शिशाच्या, म्हणजे गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्यांत सगळ्या आकाराचे सेल आले आणि एक वाक्य आपल्यासाठीही आलं: बॅटरी घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आणि ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायची. सेलच्या पाकिटावर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं ना, त्याचा अर्थ तोच.

माळांचं प्रकरण वेगळं. त्यांची कहाणी भंगारवाल्याशी जोडलेली आहे.

आमच्या गल्लीत दर शनिवारी येणारे एक भाऊ आहेत, हातगाडी घेऊन. पितळ, तांबं, पुठ्ठा, बिअरच्या बाटल्या, सगळ्याचा भाव त्यांना तोंडपाठ. मी बंद माळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी खिशातून चुंबक काढलं, माळेच्या तारेचं टोक दातांनी सोललं आणि लावलं. टक्कन चिकटलं.

"काकू, हे लोखंडे. वरून तांब्याचं पाणी चढवलंय नुसतं. ह्याचं मला काही येणार नाही."

"आणि चांगल्या तांब्याची असती तर?"

"घेतली असती की. किलोवर."

"मग तुम्ही काय करता तिचं?"

ते हसले. "जाळायची. रबर जळून गेलं की तांबं हातात येतं."

त्यांच्या भाषेतलं रबर म्हणजे पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, नाकाला झोंबतो तो तोच. तांब्याच्या सोबतीने कमी आचेवर जळताना डायऑक्सिन बनायला मदत होते, ती दिसत नाहीत आणि वासातही कळत नाहीत. नाल्याच्या कडेला हिवाळ्यात संध्याकाळी काळा, जड धूर वर न जाता पसरतो, तो अनेकदा अशा वायरींचा असतो. त्यात भाऊंचा दोष काढणं मला जमलं नाही. तार सोलायला त्यांना अर्धा दिवस लागेल, जाळायला पाच मिनिटं. म्हणजे माळ तांब्याची असली तरी तिची वाट वाईट, लोखंडाची असली तरी वाईट, कारण मग ती कोणी घेतच नाही. पेन्सिल सेलचंही तसंच. गाडीची बॅटरी द्या, भाऊ हसत घेतील, तिच्यातल्या शिशाला भाव आहे. दहा पेन्सिल सेल द्या, तर ते तुमच्याकडे दयेने बघतात.

अर्धी पेटणारी माळ मात्र मला वाचवायची होती. पूर्ण माळ एका ओळीत नसते. प्लगजवळची ती डबी, बटण दाबलं की लुकलुक बदलणारी, तिच्यातून दोन-चार वेगळ्या वाटा निघतात. प्रत्येक वाटेत डझनावारी एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, कारण घरची २३० व्होल्टची वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची असते, एकेकाच्या वाट्याला दोन-तीन व्होल्ट. एक जरी तुटला तरी त्या वाटेवरचे सगळे अंधारात. म्हणून माळ नेमकी अर्धी किंवा पाव जाते, आणि हेच तिच्या सुदैवाचं लक्षण. पूर्ण बंद माळेत बहुधा डबीच गेलेली असते किंवा प्लगमधली तार सुटलेली असते.

माळ सॉकेटमधून काढून, डबीपासून दूर, एकेक एलईडी ओढून बघितला. माझ्या माळेत ते निघणारे होते. निघत नसतील, रबरात घट्ट बसलेले असतील, तर नाद सोडा. टाचण्या खुपसून तपासलं तर तारेच्या कवचाला भोकं पडतात, आणि ती माळ पुन्हा २३० व्होल्टवर तुळशीशेजारी ओल्या कट्ट्यावर लावण्यात शहाणपण नाही. निघालेला एलईडी तपासायला मी काय वापरलं असेल? गंगेतली टिकली. तिच्या दोन बाजूंना एलईडीचे दोन पाय टेकवायचे, पेटला नाही तर उलटे टेकवायचे. टिकलीचा आतला रोध एवढा असतो की एलईडी जळत नाही. एकोणिसावा हिरवा एलईडी दोन्ही बाजूंनी गप्प राहिला. पूर्ण बंद माळेतला एक हिरवा काढून त्याच्या जागी घातला, पायांची दिशा जुन्यासारखीच ठेवून. लावली, अर्धी माळ उजळली.

काही जण नुसते दोन पाय जोडून मेलेला एलईडी वगळतात. एकदा चालतं. दोन-तीन वेळा केलं की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात आणि एकामागून एक जायला लागतात. तसं झालेली माळ ओळखू येते, एक बाजू नको तितकी भडक दिसते.

बंद माळ देऊन टाकायची होती. ती मी पुठ्ठ्यावर गुंडाळली, डबी आणि प्लग तसेच ठेवून, कारण तुकडे केलेली माळ कोणाला नको असते. मग आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये दोन खोके ठेवले. एकावर "माळा, चार्जर, वायरी". दुसऱ्यावर "फक्त सेल, टेप लावून". पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या खोक्यात कोणीतरी अर्धी बिस्किटं टाकली. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी १९९० पासूनचा ट्रान्झिस्टर आणून ठेवला, सेलसकट. सेल आतच फुगून बसले होते, झाकण उघडेना. तो तसाच माळांच्या खोक्यात गेला, वर चिठ्ठी लावून.

नेणारा शोधणं हे खरं काम. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार पुनर्वापर करणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असावी लागते. मी दोघांना फोन केले. पहिला म्हणाला, "पाठवून द्या, सर्टिफिकेट नंतर बघू," त्याला नाही म्हटलं. दुसऱ्याने आधी विचारलं किती किलो. तीन किलोसाठी गाडी येणार नव्हती. म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांना विनवण्या केल्या आणि दीड महिन्यात मिळून चौदा किलो जमले, त्यात सेल दोन किलोंच्या आसपास. माझ्या एका घराचं बघाल तर सात टिकल्या म्हणजे जेमतेम एकवीस ग्रॅम, आणि एक पेन्सिल सेल, एक माळ. पाव किलोसुद्धा नाही. असल्या ऐवजासाठी कोणीही गाडी काढणार नाही, म्हणून चाळीस घरं लागतात.

गाडी आली तेव्हा माणसाने आधी माझी टेपची पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "हे कुणी केलं?" मला वाटलं काही चुकलं. तो म्हणाला की सेल त्यांना वेगळेच हवे असतात, माळांमध्ये सेल दडलेला निघाला की मशीनमध्ये जाण्याआधी हाताने शोधावा लागतो. मग वजनकाटा लावला, माळांचं आणि सेलचं वजन वेगळं लिहिलं, नोंदणी क्रमांक असलेली पावती दिली. पैसे काही दिले नाहीत. ह्यांनी विचारलं, "एवढं करून शून्य?" मी पावती फ्रिजवर चुंबकाने लावली.

एक शल्य मात्र राहिलं. आम्ही दिलेल्या बहुतेक माळांवर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं. नियमांत जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण मेनरोडवर गाडीवर लटकणाऱ्या निनावी माळेचा उत्पादक कोण? तिचं ओझं शेवटी आपल्या खोक्यात येतं. पुढच्या वर्षी मी नाव, पत्ता आणि ती फुली मारलेली कचरापेटी असलेलं खोकंच घेणार आहे, चाळीस रुपये जास्त गेले तरी.

गंगेतली पणती मी ठेवली. तिच्यात सेल नाही आता. टिकली मीटरजवळच्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, चिनूच्या हाताला न लागेल अशा उंचीवर आहे, एलईडी तपासायला. काल मोजली, २.७ भरली.